पापण्यांच्या शस्त्रक्रियेनंतरची रजा, सूज आणि लोकांना द्यायचे उत्तर

प्रश्न: माझे वय ५१ आहे. ठाण्यातील एका बँकेच्या शाखेत काउंटरवर काम करते. वरच्या आणि खालच्या, दोन्ही पापण्यांची सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया करायचे ठरवले आहे. रजा नेमकी किती घ्यावी, सूज आणि काळेनिळेपणा किती दिवस राहतो, आणि ऑफिसात व नातेवाइकांत काय सांगावे? डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाचीचे लग्न आहे.

उत्तर:

आधी थेट उत्तर देतो. दोन्ही पापण्या एकाच वेळी करणार असाल, तर काउंटरवर बसण्यापूर्वी अडीच आठवडे हाताशी ठेवा. फक्त वरच्या पापण्या असत्या तर आठ ते दहा दिवसांत भागले असते. पण खालच्या पापणीचा काळेनिळेपणा गालावर उतरतो आणि रेंगाळतो, म्हणून रजेचा हिशेब खालच्या पापणीवरून करावा लागतो. लग्नासारख्या समारंभासाठी मात्र अडीच आठवडे पुरेसे नाहीत, त्यासाठी किमान तीन महिने आधी शस्त्रक्रिया झालेली असावी.

बहुतेक रुग्ण मला एकच आकडा विचारतात आणि तिथेच गफलत होते, कारण इथे तीन वेगवेगळ्या तारखा असतात. पहिली तारीख म्हणजे शरीराने काम करण्याजोगे होण्याची. ती लवकर येते, साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी, आणि घरून संगणकावर काम करणारी व्यक्ती तेव्हा थोडे-थोडे काम सुरूही करू शकते. दुसरी तारीख म्हणजे समोरच्या माणसाला चेहऱ्यावर काही विशेष न दिसण्याची, जी बहुतेकांत दोन ते अडीच आठवड्यांनी येते. तिसरी म्हणजे पापणी खरोखर स्थिरावण्याची, आणि ती तीन महिन्यांच्या पुढेच असते. तुमचे काम ग्राहकाच्या समोर, हातभर अंतरावर, पांढऱ्या दिव्याखाली चालते, त्यामुळे रजा दुसऱ्या तारखेवरून ठरवायची आणि लग्न तिसऱ्या तारखेच्या पलीकडे ठेवायचे.

आता तुमचाच हिशेब मांडून दाखवतो. बँकांना महिन्यातील दुसरा आणि चौथा शनिवार सुटी असते, त्याचा उपयोग करून घ्या. दुसऱ्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी शस्त्रक्रिया ठेवली, तर त्याच आठवड्यातील शनिवार-रविवार आपोआप सुटीचे मिळतात आणि सर्वांत वाईट दिसणारे दिवस त्यांत जातात. तिथून दोन आठवड्यांनी चौथा शनिवार येतो, म्हणजे तोही सुटीचा. शस्त्रक्रियेच्या गुरुवारपासून चौथ्या शनिवारच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत रजा टाकली, की सोमवारी तुम्ही हजर व्हाल तो शस्त्रक्रियेनंतरचा अठरावा दिवस असेल. यात प्रत्यक्ष कामाचे तेरा दिवस बुडतात, कारण मधला तिसरा शनिवार कामाचा असतो. अर्जित रजेत मधल्या सुट्याही रजेतच धरल्या जात असतील, तर सोळा दिवसांची रजा लागेल. मागचे शनिवार-रविवार जोडून मिळतात का, हे तुमच्या बँकेच्या नियमांत आधीच पाहून घ्या. नैमित्तिक रजेवर हे भागवायचा विचार करू नका, कारण ती सलग इतकी मिळणे कठीण असते, आणि मग मधेच वाढवून मागताना कारणे सांगत बसावे लागते.

महिना कोणता, हेही महत्त्वाचे आहे. ३० सप्टेंबरला सहामाही ताळेबंद असतो आणि त्याआधीचे आठवडे शाखेत ताणाचे जातात, म्हणून सप्टेंबर टाळा. तुमच्या घरी गणपती बसत असतील, तर त्याआधी निदान महिनाभर शस्त्रक्रिया उरकलेली असू द्या. आरतीला रोज वीस माणसे घरात येतात, शिवाय मोदकांच्या वाफेसमोर तासनतास उभे राहणे तिसऱ्या आठवड्यात सोसत नाही. हे सगळे धरून मला जुलैमधील दुसरा आठवडा तुमच्यासाठी सोयीचा वाटतो. तिथून लग्नापर्यंत साडेचार महिन्यांहून अधिक काळ मिळतो. पावसाळ्यात जखमा चिघळतात म्हणून हिवाळ्यातच शस्त्रक्रिया करावी, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. पापणीचा रक्तपुरवठा इतका चांगला असतो की तिथे जंतुसंसर्ग मुळात क्वचित होतो, त्यामुळे ऋतू पाहून तारीख ठरवण्याचे कारण नाही. ऊन मात्र खरेच त्रास देते, ते पुढे सांगतो.

तारीख ठरली की आधीच्या दोन आठवड्यांत एक काम नीट करायचे असते. ते म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या गोष्टी शोधून काढणे. काळेनिळेपणा किती होईल, यातला जो भाग आपल्या हातात असतो, तो बहुतांशी इथेच ठरतो. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, माशाच्या तेलाच्या आणि ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल, लसणाच्या किंवा जिन्कोच्या गोळ्या या सर्वांची यादी करून तुमच्या सर्जनला दाखवा. ते बहुधा या गोष्टी एक ते दोन आठवडे आधी थांबवायला सांगतील. अंगदुखीच्या अनेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेनही असते, म्हणून पाकिटामागील बारीक अक्षरे वाचा. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल हृदयासाठी चालू असेल, तर ते स्वतःहून कधीही बंद करू नका. तो निर्णय तुमच्या हृदयरोगतज्ज्ञाने आणि सर्जनने मिळून घ्यायचा असतो, आणि प्रसंगी शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली तरी चालते. रक्तदाब असेल तर तो त्या दिवशी आणि त्या रात्री नियंत्रणात असणे हे अर्निकाच्या गोळ्यांपेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे. अर्निकाबद्दल रुग्ण फार आशेने विचारतात, पण तिने ठळक फरक पडतो असे दाखवणारा पुरावा कमकुवत आहे.

पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचांपैकी आहे आणि तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नसतोच. त्यामुळे थोडेसे रक्त आणि पाणीही तिथे मोकळेपणाने पसरते आणि शस्त्रक्रिया व्यवस्थित होऊनही चेहरा मार खाल्ल्यासारखा दिसतो. शस्त्रक्रियेच्या संध्याकाळी आरशात पाहिलेत तर फारसे काही वाटणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे सुजलेले असतील, आणि सूज अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांच्या सुमारास सर्वाधिक असेल. म्हणजे गुरुवारी शस्त्रक्रिया झाली तर शनिवार आणि रविवार हे सर्वांत वाईट दिवस. त्या दोन दिवसांत काहीतरी बिघडले असे वाटून घाबरून फोन करणारे अनेक रुग्ण असतात. दोन्ही डोळे थोड्याफार फरकाने सारखेच सुजलेले असतील, दुखणे पॅरासिटामॉलने आटोक्यात असेल आणि दिसायला नीट असेल, तर ती नेहमीची वाटचाल आहे. एक डोळा दुसऱ्यापेक्षा अधिक काळा होणे हेही नेहमीचेच आहे.

पहिले दोन दिवस जागेपणी दर तासाला दहा-पंधरा मिनिटे थंड शेक द्यायचा. बर्फ थेट त्वचेवर ठेवायचा नाही. गोठवलेले मटार लहान पिशवीत भरून, वर स्वच्छ ओला रुमाल गुंडाळून ठेवले की ते डोळ्यांच्या खोबणीत नीट बसतात. अठ्ठेचाळीस तासांनंतर थंड शेकाचा उपयोग फारसा उरत नाही. पहिला आठवडा डोके उंच ठेवून झोपायचे, दोन-तीन उशा किंवा आरामखुर्ची वापरून, आणि पाठीवर. वाकून नमस्कार करणे, खाली वाकून लादी पुसणे, पाण्याची बादली किंवा गॅसचा सिलिंडर उचलणे, सूर्यनमस्कार या सगळ्यांनी डोक्याकडील रक्तदाब वाढतो, म्हणून ते तीन आठवडे बंद. पापड, लोणचे आणि फरसाण हे त्या आठवड्यात कमी केलेत तर सकाळची सूज खरोखर कमी असते, हे मी पाहिले आहे.

चौथ्या-पाचव्या दिवशी सूज ओसरू लागते, पण त्याच वेळी काळेनिळेपणा खाली सरकतो. गालाच्या हाडावर आणि कधीकधी जबड्यापर्यंत डाग दिसतात. जिथे शस्त्रक्रिया झालीच नाही तिथे डाग कसा, असा प्रश्न त्या वेळी हमखास येतो. गुरुत्वाकर्षणामुळे पापणीतील रक्तच खाली उतरलेले असते, नवीन रक्तस्राव नसतो. रंग बदलत जातात. आधी जांभळट काळा, मग हिरवट, मग पिवळा. रक्तातील हिमोग्लोबिनचे तुकडे होताना ही रंगद्रव्ये क्रमाने तयार होतात, म्हणून हिरवा रंग दिसला की शरीर डाग साफ करत आहे असे समजा. गोऱ्या त्वचेवर पिवळा रंग शेवटचा असतो आणि तो फाउंडेशनखाली सहज झाकला जातो. आपल्याकडील गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत मात्र पिवळा गेल्यावर एक फिकट तपकिरी छटा मागे राहते. रक्तातील लोह त्वचेत थोडे साठून राहते आणि दाहामुळे रंगद्रव्यही थोडे वाढते, यांमुळे ती छटा काही आठवडे, क्वचित काही महिने टिकते. जिला आधीच डोळ्यांखाली काळी वर्तुळे आहेत, तिला ही छटा अधिक जाणवते. परदेशी माहितीपत्रकांत दहा-बारा दिवसांत सारे नाहीसे होते असे लिहिलेले असते. तिथल्या त्वचेसाठी ते बहुधा ठीक असेल, आपल्या त्वचेसाठी मी अठरा दिवस सांगतो ते याच कारणाने.

या तपकिरी छटेला ऊन गडद करते. म्हणून बाहेर पडताना मोठा काळा चष्मा आणि जखमा भरल्यावर सनस्क्रीन, हे पहिले तीन महिने पाळा. स्कूटीवरून स्टेशनला जात असाल तर पहिले दोन आठवडे ती घरीच ठेवा. वारा आणि धूळ डोळ्यांना चालत नाही, आणि पापण्या नीट मिटत नसताना नजरेवर भरवसा ठेवून वाहन चालवणे धोक्याचे आहे.

टाके बहुधा पाचव्या ते सातव्या दिवशी काढतात. खालची पापणी आतून केली असेल तर बाहेर टाके नसतातच आणि काळेनिळेपणाही थोडा कमी असतो, म्हणून कोणत्या पद्धतीने करणार हे सर्जनला आधी विचारा आणि रजेचा आकडा त्यांच्याशी जुळवून घ्या. टाके निघाल्यावर वरच्या पापणीच्या घडीत एक लालसर किंवा गडद रेषा राहते. डोळे उघडे असताना ती घडीत लपते, मिटले की दिसते. ती दोन-तीन महिन्यांत फिकी होत जाते. खालच्या पापणीची सूज बाहेरच्या कोपऱ्यात सर्वांत उशिरापर्यंत राहते, कारण पापणीतील पाणी कानाच्या दिशेने वाहून जाते आणि कोपऱ्यातील छेदामुळे तो निचरा काही काळ मंदावतो. रोज सकाळी डोळे जड वाटतील आणि दुपारपर्यंत हलके होतील, हेही सहा-आठ आठवडे चालू शकते. म्हणून शेवटी कसे दिसणार हे सकाळच्या आरशावरून ठरवू नका. काही जणींमध्ये बुबुळाच्या बाजूला, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर भिजवलेल्या साबुदाण्यासारखा फुगवटा येतो. तो दिसायला भीतिदायक असतो, पण डोळ्यांच्या थेंबांनी आणि मलमाने सहसा उतरतो. तो आला तर मात्र परत कामावर जाण्याची तारीख एक-दोन आठवडे पुढे जाऊ शकते, आणि म्हणून अर्जित रजेचे काही दिवस शिल्लक ठेवूनच तारीख ठरवा असे मी आग्रहाने सांगतो.

तिसरा ते सहावा दिवस मनालाही जड जातो. सूज असते, झोप नीट झालेली नसते, डोळे चुरचुरतात, मोबाइलचा पडदा पाच मिनिटे पाहिला तरी पाणी येते, आणि आपण हे कशासाठी केले असे वाटू लागते. हे इतके नेहमी घडते की मी रुग्णाबरोबर येणाऱ्या व्यक्तीलाही आधीच सांगून ठेवतो. त्या दिवसांत रोज सेल्फी काढून जुन्या फोटोशी ताडून पाहू नका, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तर काहीच पाठवू नका. एकदा पाठवलेला फोटो पुन्हा हातात राहत नाही.

एक धोका असा आहे की त्यासाठी ही सर्व वाट पाहण्याची भाषा बाजूला ठेवायची. डोळ्याच्या गोलकामागे रक्तस्राव होणे ही अत्यंत दुर्मीळ गुंतागुंत आहे, पण ती झाली तर नजर कायमची जाऊ शकते, आणि ती बहुधा पहिल्या चोवीस तासांत होते. एकाच डोळ्यात अचानक वाढत जाणारे तीव्र दुखणे, तो डोळा पुढे आल्यासारखा आणि दगडासारखा घट्ट लागणे, नजर अंधुक होणे किंवा रंग फिके दिसणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहायची नाही, गोळी घेऊन झोपायचे नाही. त्याच क्षणी सर्जनला फोन करायचा आणि रुग्णालयात निघायचे. पहिल्या संध्याकाळी जागेपणी दर तासाला एकेक डोळा झाकून दुसऱ्याने समोरच्या माणसाची बोटे मोजून पाहा. मलमामुळे थोडे धूसर दिसते, ते पुसल्यावर स्वच्छ दिसले पाहिजे. याच कारणाने पहिल्या दोन रात्री घरी एकट्या राहू नका, आणि रुग्णालयापासून दूर, गावी किंवा नातेवाइकांकडे जाऊन राहण्याचा विचारही करू नका. चौथ्या दिवसानंतर दुखणे, लाली आणि गरमपणा कमी होण्याऐवजी वाढत असेल तर तो जंतुसंसर्ग असू शकतो, त्यासाठीही लगेच दाखवायचे.

आता लोकांना काय सांगायचे, याकडे येतो. हा प्रश्न रुग्ण शेवटी, थोड्या संकोचाने विचारतात, आणि माझ्या मते तो शस्त्रक्रियेआधीच सोडवून ठेवायला हवा. जी बाई उत्तर आधी ठरवून ठेवते, ती पाचव्या दिवशी दारात उभ्या राहिलेल्या शेजारणीला शांतपणे उत्तर देते. जिने ठरवलेले नसते, ती त्या क्षणी सुचेल ते बोलते आणि पुढचे सहा महिने ते सांभाळत राहते. माझा सल्ला असा आहे की जे सांगाल ते खरे असावे, आणि त्याहून जास्त सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही.

खोट्या कारणांचे काय होते ते मी वारंवार पाहिले आहे. डोळे आले आहेत, असे सांगितले तर लोक संसर्गाच्या भीतीने दूर राहतात हे खरे, पण मग कामावर परतल्यावरही सहकारी पेन आणि टेबल वापरायला कचरतात आणि वरिष्ठ तुम्हाला आणखी चार दिवस घरी बसायला सांगू शकतात. मोतीबिंदू काढला म्हटले तर प्रत्येकाच्या घरात मोतीबिंदू झालेले कोणीतरी असते, आणि मोतीबिंदूने गाल काळा होत नाही हे त्यांना ठाऊक असते. सर्वांत वाईट कारण म्हणजे पडले किंवा अपघात झाला हे. ते ऐकून नातेवाईक धावत भेटायला येतात, म्हणजे जे टाळायचे तेच घडते. शिवाय विवाहित बाईचे दोन्ही डोळे काळेनिळे दिसले आणि ती पडले म्हणाली, तर ऐकणारा मनात नवऱ्याकडे बोट दाखवतो. तो संशय कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून खोडूनही काढता येत नाही, आणि तो निरपराध माणसाला पुढे कित्येक वर्षे चिकटतो. याच कारणाने तुमचा कामवाल्या बाईंशी आणि शेजारच्या घराशी रोजचा संबंध असेल, तर त्यांना खरे ते एका वाक्यात आधीच सांगून ठेवणे तुमच्या यजमानांच्या दृष्टीनेही बरे.

ते वाक्य साधे असू द्या. "पापण्यांचं एक छोटं ऑपरेशन आहे, डॉक्टरांनी दोन-अडीच आठवडे विश्रांती सांगितली आहे." यात एकही शब्द खोटा नाही, आणि ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप डोळ्यांचे काहीतरी दुखणे येते. पुढे कोणी "का बरं?" विचारले, तर "पापण्या फार जड झाल्या होत्या" एवढे पुरते, आणि तुमच्या वयात वरच्या पापण्यांबाबत ते बहुधा खरेही असते. जो तिसऱ्यांदा विचारेल त्याला "आता बरं आहे, तुमचं कसं चाललंय?" म्हणून विषय बदलायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. घरातील माणसांना मात्र सारे नीट सांगा, आणि सर्वांनी बाहेर हेच वाक्य बोलायचे हे ठरवून घ्या. मुलांनी एक सांगितले आणि सासूबाईंनी दुसरे, की त्यातूनच कुजबुज सुरू होते. घरातील एखाद्या मोठ्या माणसाला हे पटणार नसेल, तर शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी बोला. नाराजी ओसरायलाही वेळ लागतो, आणि बरे होण्याच्या दिवसांत घरात अबोला नको.

ऑफिसात प्रश्न थोडा वेगळा असतो, कारण तिथे कागद लागतो. रजेच्या अर्जावर "शस्त्रक्रिया व विश्रांतीसाठी" एवढे लिहिणे पुरेसे असते. शिल्लक असेल तर अर्जित रजा घ्या, तिच्यासाठी सहसा वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागत नाही. वैद्यकीय रजा घ्यायची असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्या. डॉक्टरांसाठी २००२ साली लागू झालेल्या वैद्यकीय आचारसंहितेत रजेच्या प्रमाणपत्राचा नमुना दिलेला आहे आणि त्यात आजाराचे नाव लिहिण्याची जागा आहे. त्याच संहितेनुसार खोटे प्रमाणपत्र देणे हे डॉक्टरचे गैरवर्तन ठरते. म्हणून "डॉक्टर, व्हायरल ताप म्हणून लिहून द्या" अशी विनंती करू नका, मी ती मान्य करत नाही आणि करणाऱ्या डॉक्टरपासून सावध राहा असेच सांगेन. "पापण्यांची शस्त्रक्रिया, विश्रांती आवश्यक" असे खरे आणि मोजके लिहून देता येते, आणि त्यात सौंदर्यासाठी हा शब्द लिहिणे सहसा गरजेचे नसते. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला वैद्यकीय रजा मिळते का, हा तुमच्या बँकेच्या नियमांचा प्रश्न आहे आणि तो मनुष्यबळ विभागाला नाव न घेता, सर्वसाधारण चौकशी म्हणून आधी विचारता येतो. व्यवस्थापकांना मात्र तारखा महिनाभर आधी द्या. काउंटरवर बदली माणूस मिळाला की प्रश्न आपोआप कमी होतात.

आरोग्य विम्याबद्दलही याच ओघात सांगतो. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया विम्यातून वगळलेल्या असतात, आणि अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा खरी वैद्यकीय गरज हेच अपवाद असतात. वरच्या पापणीची त्वचा बुबुळावर उतरून वरच्या बाजूची नजर खरोखर अडवत असेल, तर नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टिक्षेत्राची तपासणी करून तसे नोंदवता येते आणि दावा करून पाहता येतो. खालच्या पापणीच्या पिशव्यांना ते लागू होत नाही. दुसऱ्याच आजाराचे नाव घालून दावा करणे ही फसवणूक आहे आणि ती उघड झाली तर पुढच्या खऱ्या आजारपणात तुमचीच पॉलिसी अडचणीत येते.

परतण्याच्या दिवसाची थोडी तयारी आधीपासून करता येते. चष्मा लागत असेल तर जाड काड्यांची, गडद फ्रेम शस्त्रक्रियेच्या महिनाभर आधीच वापरायला लागा, म्हणजे परतल्यावर तो नवा बदल वाटणार नाही आणि खालच्या पापणीवरची छटा फ्रेमच्या सावलीत जाते. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या दोन आठवडे तरी लावायच्या नाहीत. जखमेच्या रेषा पूर्ण मिटल्यावर, म्हणजे साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवसानंतर, सर्जनने पाहून होकार दिला की गालावर मेकअप चालतो. निळसर आणि तपकिरी छटेसाठी आधी नारिंगी रंगाचा करेक्टर पातळ लावायचा आणि त्यावर त्वचेच्या रंगाचे फाउंडेशन. नुसते फाउंडेशन लावले की डाग राखाडी दिसतो. काजळ तीन आठवडे नको, आणि सुरू कराल तेव्हा नवी डबी उघडा. काजळ पुसताना पापणी खाली ओढली जाते, आणि ओढ नको तिथेच ती बसते. शाखेत वातानुकूलन थेट तोंडावर येत असेल तर जागा बदलून घ्या, आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब जवळ ठेवा. पहिले काही आठवडे पापण्यांची उघडझाप कमी पडते आणि दुपारी डोळे लाल होतात. सहकाऱ्यांच्या नजरेत जुना डाग नव्हे, हे लाल डोळेच आधी भरतात.

लोकांचे शेरे येतील त्यांचीही कल्पना असू द्या. चांगल्या झालेल्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक जण "ताजी दिसतेस, सुटी मानवली वाटतं" असे म्हणतात आणि नेमके काय बदलले ते त्यांना सांगता येत नाही. काही जण मात्र चौकसपणे पाहून थेट विचारतील. त्या वेळी हो म्हणायचे की नाही हे तुमच्यावर आहे, पण नाकारू मात्र नका. नाकारलेली गोष्ट पुढे कळली तर लोकांना शस्त्रक्रियेपेक्षा खोटे बोलणे अधिक खुपते. "हो, पापण्यांचं केलं, जड झाल्या होत्या" एवढे बोलून थांबणाऱ्या रुग्णांना पुढे फार प्रश्न विचारले गेले असे मी पाहिलेले नाही.

शेवटची गोष्ट दवाखान्यातील कागदांची आहे. शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर फोटो काढणे आवश्यक असते, ते तुमच्या नोंदीचा भाग आहेत. पण ते संकेतस्थळावर, इन्स्टाग्रामवर किंवा जाहिरातीत वापरण्याची संमती ही वेगळी बाब आहे, आणि अनेकदा ती शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रातच एका ओळीत घातलेली असते. ती ओळ शोधा, नको असेल तर खोडून शेजारी सही करा, आणि त्या कागदाची प्रत मागून घ्या. नुसते डोळेच दिसत असले तरी तुमचे सहकारी तुम्हाला ओळखतील. रुग्णाची गुप्तता पाळणे हे डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी स्वागतकक्षापासून ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकेपर्यंत सर्वांकडून पाळून घेणे हे त्यांचे काम आहे. दवाखान्याने पाठपुराव्याचे फोन आणि संदेश कोणत्या क्रमांकावर करायचे, ते ऑफिसच्या क्रमांकावर येता कामा नयेत, हेही पहिल्याच भेटीत त्यांच्या कागदावर लिहून द्या.